सवलतीच्या पाससाठी कॉलेजचं बोनाफाईड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजच्या विद्यार्थी विभागात मी बरीच वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. सत्र सुरू झालं की पहिले तीन आठवडे खिडकीबाहेर एकच वाक्य ऐकू यायचं: "सर, पाससाठी बोनाफाईड पाहिजे." त्यातली बरीच मुलं दोन दिवसांनी तेच पत्र हातात घेऊन परत यायची, कारण पासच्या खिडकीवर ते नाकारलेलं असायचं. पत्र खोटं नसायचं. त्यात एखादी तारीख नसायची, नाहीतर नाव जुळायचं नाही. खालचे प्रश्न त्या परत आलेल्या मुलांचे आहेत.

माझ्याकडे कॉलेजचं ओळखपत्र आहे, फी भरल्याची पावतीही आहे. मग वेगळं पत्र कशाला?

कारण पास देणाऱ्याला तुम्ही आज त्या कॉलेजात शिकता आहात का, एवढंच जाणून घ्यायचं असतं आणि ते या दोन्ही कागदांवरून कळत नाही. ओळखपत्र प्रवेशाच्या वेळी एकदा छापतात. मधेच कॉलेज सोडलेल्या मुलाच्या खिशातही ते असतंच. पावतीवरून पैसे भरले एवढं कळतं, पण पुढच्या आठवड्यात प्रवेश रद्द केला का, ते कळत नाही. बोनाफाईडवर मात्र तारीख असते. त्या तारखेला कॉलेज सही करून सांगतं की हा विद्यार्थी आमच्या पटावर आहे, अमुक अभ्यासक्रम पूर्णवेळ शिकतो आहे आणि अमुक तारखेपर्यंत शिकणार आहे.

दुसरं कारण हिशेबाचं. सवलत म्हणजे वाहतूक संस्थेने सोडलेलं भाडं. ते का सोडलं, याचा कागद फाइलला लागतो. खिडकीवरचा माणूस तुमच्याकडे संशयाने बघत नसतो. उद्या तपासणीला आलेला माणूस या कागदात काय काढेल, याची त्याला काळजी असते. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

पत्र लेटरहेडवर हवं की छापील फॉर्म असतो?

हे कॉलेजात येण्याआधी पासच्या खिडकीवर विचारा. यातच सगळ्यात जास्त हेलपाटे होतात.

प्रकार ढोबळमानाने तीन. पहिल्यात वाहतूक संस्थेचाच छापील फॉर्म असतो. अर्धा विद्यार्थी भरतो, अर्धा कॉलेज भरून सही-शिक्का करतं. दुसऱ्यात क्रमांक घातलेली पुस्तकं कॉलेजकडे दिलेली असतात. त्यातलं एक पान तुमच्या नावाने फाडून मिळतं आणि त्याचा अर्धा भाग कॉलेजकडे राहतो. तिसऱ्यात साधं पत्र चालतं, कॉलेजच्या लेटरहेडवर. पहिल्या दोन प्रकारांत लेटरहेडवर कितीही सुंदर पत्र लिहून नेलं तरी उपयोग होत नाही, आणि ते परत केलं म्हणून खिडकीवर भांडण्यातही अर्थ नाही.

आता बऱ्याच जागी ऑनलाइन अर्ज असतो. तिथे तुम्ही माहिती भरता आणि कॉलेज आपल्या लॉगिनमधून ती मान्य करतं. कागद संपला म्हणून कॉलेजचं काम संपत नाही. अर्ज कॉलेजच्या यादीत पडून राहतो आणि विद्यार्थी घरी बसून वाट पाहतो. दोन कामाचे दिवस गेले की कार्यालयात जाऊन अर्ज क्रमांक सांगा. ती यादी रोज उघडली जाते असं गृहीत धरू नका.

पत्रात नेमकं काय असायला हवं?

पासवर जे छापलं जाणार ते सगळं आणि सवलतीचा नियम ज्यावर उभा आहे ते सगळं. म्हणजे ओळखपत्रावर आहे तसं पूर्ण नाव, प्रवेश क्रमांक, अभ्यासक्रम आणि वर्ष, अभ्यासक्रम पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, सत्र सुरू आणि संपण्याच्या तारखा, राहण्याचा पत्ता, कुठून कुठे प्रवास करणार ते, आणि पत्र कशासाठी दिलं ते. सवलतीला वयाची अट असेल तर जन्मतारीखही लागते. खाली सही, सही करणाऱ्याचं पद, गोल शिक्का, जावक क्रमांक आणि दिनांक.

यातल्या दोन गोष्टी कायम राहून जातात. एक, 'पूर्णवेळ' हा शब्द. दुसरी, सत्र संपण्याची तारीख. "सदर विद्यार्थी आमच्या महाविद्यालयात शिकत आहे" एवढं एक वाक्य लिहिलेलं पत्र शिष्यवृत्तीला कदाचित चालेल, पण पासला चालत नाही. कारण पास किती दिवसांचा द्यायचा हे त्या वाक्यातून कळत नाही.

अर्ज कसा लिहू? कार्यालयात तोंडी सांगितलं तर चालत नाही का?

काही ठिकाणी चालतं. तरी लेखी द्या, कारण कारकून पत्र तुमच्या अर्जावरून टाइप करतो. अर्जात चूक असेल तर ती पत्रात जाते, आणि अर्ज नसेल तर तो जुन्या नोंदीवरून टाइप करतो. ती नोंद तीन वर्षांपूर्वीची असू शकते. असा अर्ज पुरतो:

> प्रति,
> मा. प्राचार्य,
> (महाविद्यालयाचे नाव)
>
> विषय: प्रवास सवलत पाससाठी बोनाफाईड प्रमाणपत्र मिळणेबाबत.
>
> महोदय / महोदया,
>
> मी आपल्या महाविद्यालयात (अभ्यासक्रम) च्या (वर्ष) वर्गात पूर्णवेळ शिक्षण घेत आहे. माझा प्रवेश क्रमांक ______ आहे. मी (सध्याचा पत्ता) येथे राहतो / राहते आणि (चढण्याचे ठिकाण) ते (उतरण्याचे ठिकाण) असा रोज प्रवास करतो / करते. या मार्गाचा विद्यार्थी सवलत पास (दिनांक) पासून काढायचा आहे.
>
> तरी प्रवास, पत्ता आणि सत्र समाप्तीची तारीख नमूद करून बोनाफाईड प्रमाणपत्र द्यावे, ही विनंती.
>
> सोबत: ओळखपत्राची प्रत, चालू वर्षाच्या फी पावतीची प्रत, पत्त्याच्या पुराव्याची प्रत.
>
> आपला / आपली विश्वासू,
> (सही, पूर्ण नाव, दिनांक)

शेवटच्या विनंतीत 'नमूद करून' काय काय हवं ते लिहिलंय, तो या अर्जातला कामाचा भाग. नुसतं "बोनाफाईड द्यावे" लिहिलं की कार्यालय आपला ठरलेला नमुना छापतं, आणि त्या नमुन्यात प्रवासाची ओळच नसते.

नाव थोडं वेगळं आहे. चालेल ना?

'थोडं' म्हणजे किती, ते खिडकीवरचा माणूस ठरवतो. तुमच्या एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर नंतर. एकावर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे 'ए', कुठे 'ओ'. आपल्याला ते सगळं एकच वाटतं. पण पासवरचं नाव आणि प्रवासात दाखवायच्या ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर तिकीट तपासनिसासमोर तुम्हीच उभे राहणार आहात.

नियम सोपा आहे: प्रवासात जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरचं नाव पत्रात अक्षर न अक्षर तसंच घ्या. कॉलेजच्या पटावर वेगळं असेल तर आधी पटावरची दुरुस्ती करून घ्या. त्याला वेळ लागणार असेल तर कार्यालयाला पत्रात एक ओळ घालायला सांगा की ओळखपत्रावर अमुक असं नाव असलेली आणि पटावर तमुक अशी नोंद असलेली व्यक्ती एकच आहे. ही ओळ हाताने, नंतर, समासात लिहिलेली नको. ती टाइप केलेल्या मजकुराचा भाग हवी.

पत्र कधी घ्यायचं? सुट्टीतच घेऊन ठेवलं तर गर्दी टळेल.

गर्दी टळेल, पण पत्र शिळं होईल. पाससाठीचं पत्र थोडेच दिवस चालतं आणि ते किती दिवस, हे वाहतूक संस्था ठरवते, कॉलेज नाही. फॉर्मच्या पाठीमागे बारीक अक्षरात ती मुदत छापलेली असते. ती कुणीच वाचत नाही. मुदत दिवसांत असेल तर पत्रावरच्या तारखेपासून मोजतात, तुमच्या हातात पडलं त्या दिवसापासून नाही. शुक्रवारी तारीख टाकलेलं पत्र सोमवारी उचललं, तर मधले दोन दिवस गेलेले असतात.

म्हणून अर्ज आधी द्या, पण पास ज्या दिवशी काढणार त्याच्या आदल्या दिवसाची किंवा त्याच दिवसाची तारीख पत्रावर टाकायला सांगा. बहुतेक कारकून ऐकतात. पुढची तारीख मात्र कुणी टाकणार नाही, आणि टाकूही नये.

मला तीन महिन्यांचा पास हवा होता, खिडकीवर म्हणाले मिळणार नाही. पत्र तर बरोबर होतं!

पत्र बरोबर असेल, पण तारखांचं गणित बसत नसेल. हे एक उदाहरण नीट बघा, कारण सत्राच्या शेवटी प्रत्येकाच्या वाट्याला ते येतं.

एक मुलगी १० मार्चला पास काढायला गेली. पत्रात लिहिलं होतं, "सत्र समाप्ती ३० एप्रिल". तिने तीन महिन्यांचा पास मागितला. १० मार्चपासून तीन महिने म्हणजे पास ९ जूनपर्यंत जातो. कॉलेज संपल्यावरचे चाळीस दिवस सवलतीत का द्यायचे, याचं उत्तर खिडकीवरच्या माणसाकडे नव्हतं, म्हणून त्याने नाही म्हटलं. एक महिन्याचा मागितला असता तर ९ एप्रिलपर्यंत सरळ मिळाला असता. दुसऱ्या महिन्याचा पास ९ मेपर्यंत जातो, म्हणजे तोही ३० एप्रिलच्या पुढे नऊ दिवस. तिथे पुन्हा अडलं असतं.

ती माझ्याकडे आली तेव्हा चिडलेली होती. तिचं पत्र काढून बघितलं तर चूक आमची होती. ३० एप्रिलला वर्ग संपत होते. तिची लेखी परीक्षा मात्र २० मेपर्यंत होती आणि परीक्षेला यायचं म्हणजे प्रवास आलाच. आमच्या नमुन्यात 'सत्र समाप्ती' एवढंच होतं, परीक्षेचा रकानाच नव्हता. नवीन पत्रात लिहिलं: "अध्यापन ३० एप्रिल रोजी संपेल व वार्षिक परीक्षा २० मे रोजी संपेल." सोबत परीक्षेच्या वेळापत्रकाची प्रत लावली.

त्यावर तिला दोन महिन्यांचे पास मिळाले, पहिला १० मार्च ते ९ एप्रिल, दुसरा १० एप्रिल ते ९ मे. तीन महिन्यांचा मिळाला नाही आणि तो मिळायलाही नको होता. १० मे ते २० मे या अकरा दिवसांत तिचे चारच पेपर होते. त्या दिवसांसाठी तिने साधी तिकिटं काढली. चार दिवसांसाठी महिन्याचा पास काढण्यापेक्षा तेच बरं पडलं असणार.

आमचा नमुना आम्ही त्याच आठवड्यात बदलला. तुमच्या कॉलेजच्या नमुन्यात परीक्षेची तारीख आहे का, ते एकदा बघून घ्या. नसेल तर अर्जात लिहून मागा. तारीख खरी असेल तर ती घालायला कुणाची हरकत नसते.

मी हॉस्टेलवर राहतो. घरच्या गावाचा पास मिळेल का?

रोजच्या प्रवासाचा पास सहसा राहण्याच्या ठिकाणापासून कॉलेजपर्यंत असतो. तुम्ही हॉस्टेलवर राहत असाल तर राहण्याचं ठिकाण हॉस्टेल. सुट्टीत घरी जायला सवलत असेल तर ती वेगळी, तिचा फॉर्म वेगळा, आणि ती त्या एका फेरीपुरतीच असते. दोन्हींची गल्लत करू नका. कॉलेजनेही पत्रात घरचा कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता वेगवेगळे लिहावेत. पटावर बहुतेकदा कायमचाच पत्ता असतो, आणि कारकून तोच उतरवतो. मग ज्या गावाहून तुम्ही रोज येऊच शकत नाही, तिथून पास मागितल्यासारखं दिसतं.

खोली बदलली असेल तर आधी कॉलेजात पत्ता बदलायचा अर्ज द्या, मग बोनाफाईडचा. दोन्ही एकदम दिले तर कोणता आधी टाइप होईल याचा नेम नाही.

उतरायचं ठिकाण कॉलेजच्या पुढचं टाकून मिळेल का? क्लास तिकडे आहे.

नाही. पत्र कॉलेजच्या नोंदीवर चालतं आणि कॉलेज फक्त कॉलेजपर्यंतच्या प्रवासाबद्दल सांगू शकतं. खाजगी क्लास कुठे आहे, हे त्याने सहीनिशी कसं सांगावं? हा प्रश्न मला दर वर्षी यायचा आणि बहुतेक वेळा विचारणारा मुलगा प्रामाणिक असायचा. पण पासवरचा मार्ग कॉलेजच्या पुढे गेला की तपासणीत पहिला सवाल कॉलेजला विचारतात. तशी दोन-तीन पत्रं सापडली की त्या कॉलेजची सगळी पत्रं बारकाईने बघायला सुरुवात होते, आणि मग ज्यांचं काही चुकलेलं नाही त्यांनाही रांगेत जास्त उभं राहावं लागतं.

मधे गाडी बदलावी लागत असेल तर ते वेगळं. तो कॉलेजपर्यंतचाच मार्ग आहे. 'मार्गे' असं लिहून बदलण्याचं ठिकाण पत्रात घ्या, म्हणजे दोन तुकड्यांचा पास एकाच पत्रावर मागता येतो.

सही कुणाची चालते? प्राचार्य रजेवर आहेत.

प्राचार्यांची किंवा त्यांनी ज्याला अधिकार दिला आहे त्याची. बऱ्याच ठिकाणी पास देणाऱ्या कार्यालयाकडे कॉलेजने आधी पाठवलेल्या सह्यांचे नमुने असतात. तिथल्या माणसाला सहीखालचं नाव नवीन दिसलं की तो नमुन्याशी ताडून बघतो, आणि नमुना नसेल तर पत्र परत करतो. प्राचार्य बदलले त्या महिन्यात हे फार होतं. त्यात तुमचा काही दोष नाही. तुम्हाला करता येण्यासारखं एकच आहे: कॉलेजच्या कार्यालयाला सांगायचं की नव्या सहीचा नमुना पाठवा. विद्यार्थ्याने सांगितल्याशिवाय ते त्यांच्या लक्षात येतंच असं नाही, हे मी आतून सांगतोय.

वर्गशिक्षकांची सही चालत नाही. त्यांचा स्वभाव कितीही चांगला असला आणि त्यांनी लगेच करून दिली तरी.

सहीसोबत शिक्के दोन लागतात, पदाचा आणि गोल. गोल शिक्क्याची कडा सहीवरून किंवा फोटो लावलेला असेल तर फोटोवरून गेलेली हवी, म्हणजे फोटो काढून दुसरा लावता येत नाही. शिक्का पुसट उठला असेल तर तिथेच उभं राहून पुन्हा मारून घ्या. घरी जाऊन "दिसतोय थोडासा" म्हणण्यात काही हाशील नाही.

एक अंक चुकलाय. मी पेनाने नीट करू का?

अजिबात नको. व्हाइटनर तर नकोच. खोडलेलं पत्र खरं असलं तरी बनावट दिसतं, आणि अंक नेमका तारखेतला असेल तर कुणी ऐकूनच घेणार नाही. कॉलेजात परत जा. छोटी दुरुस्ती असेल तर चुकलेला अंक एका रेघेने खोडून, वर बरोबर लिहून, शेजारी सही करणाऱ्याचीच छोटी सही आणि शिक्का घेतात. क्रमांक घातलेल्या पुस्तकातलं पान असेल तर ते रद्द करून दुसरं द्यावं लागतं. रद्द पानही पुस्तकात लावून ठेवायचं असतं, म्हणून चुकलेलं पान फेकू नका, परत आणा.

पत्र हातात पडल्यावर खिडकीसमोरून हलू नका. नाव, वर्ष, दोन तारखा, दोन ठिकाणं, एवढं वाचायला अर्धं मिनिट लागतं. मागची रांग कुरकुरेल. कुरकुरू द्या.

फीचा एक हप्ता बाकी आहे. कॉलेज पत्र देत नाही.

इथे माझं मत कार्यालयातल्या बऱ्याच जणांपेक्षा वेगळं होतं, आजही आहे. पटावर नाव असेल आणि वर्गात बसू देत असतील, तर तो विद्यार्थी शिकतो आहे ही वस्तुस्थिती आहे. पत्र वस्तुस्थितीचंच असतं. थकलेल्या हप्त्याचा तगादा वेगळा लावता येतो. त्यासाठी रोजचा प्रवास महाग करून मुलाला वर्गाबाहेर ठेवणं म्हणजे हप्ता आणखी लांबवणं.

पण मत काहीही असलं तरी खिडकीवर वाद घालून पत्र मिळत नाही. लेखी अर्ज द्या, त्यात हप्ता कधी भरणार ती तारीख लिहा, आणि तो प्राचार्यांना किंवा विद्यार्थी कल्याण बघणाऱ्या प्राध्यापकांना नेऊन दाखवा. कारकुनाला नाही म्हणायचा अधिकार असतो, हो म्हणायचा बहुतेक वेळा नसतो. शिष्यवृत्ती यायची आहे म्हणून हप्ता थकला असेल तर शिष्यवृत्तीच्या अर्जाची पोच सोबत लावा. ती पाहून बऱ्याचदा काम होतं.

प्रवेश तात्पुरता आहे, मागच्या वर्षाचा निकाल लागायचाय. पत्र मिळेल?

मिळतं, पण त्यात 'तात्पुरता प्रवेश' असं लिहिलेलं असतं, आणि तसं लिहिलेलं काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. तो शब्द गाळा म्हणून कार्यालयाला गळ घालू नका. निकालात प्रवेश गेला तर गाळलेल्या शब्दाची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. यावर साधा उपाय आहे: निकालापर्यंत एकेका महिन्याचा पास काढा, लांब मुदतीचा मागू नका.

अर्धवेळ, सायंकाळचा किंवा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम असेल तर?

सवलतीच्या नियमात काय आहे ते बघावं लागेल. बहुतेक सवलती रोज वर्गात येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी असतात. सायंकाळचा अभ्यासक्रम पूर्णवेळ असू शकतो, वेळ संध्याकाळची असली म्हणून तो अर्धवेळ होत नाही. त्यामुळे पत्रात 'सायंकालीन, पूर्णवेळ' असं दोन्ही लिहून घ्या. नुसतं 'सायंकालीन' वाचून खिडकीवर परस्पर अर्धवेळ समजतात.

इंटर्नशिप सुरू झाली. कॉलेजऐवजी तिकडचा पास?

सहसा नाही. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग असेल तर कॉलेजचं तसं पत्र, सोबत इंटर्नशिपच्या जागेचं पत्र, असं घेऊन विचारून बघा. मी हे झालेलं पाहिलंय, नाकारलेलंही पाहिलंय. मानधन मिळत असेल तर नाकारण्याची शक्यता जास्त.

पत्र हरवलं.

दुसरं मिळतं. अर्जात पहिल्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख लिहा. ते माहीत नसेल तर कार्यालयाच्या जावक वहीत सापडतं. नव्या पत्रावर 'दुय्यम प्रत' असं लिहितात आणि पहिल्या क्रमांकापुढे तशी नोंद करतात. पहिलं नंतर वहीत दडलेलं सापडलं तर ते वापरू नका, कॉलेजला परत द्या. एकाच नावाची दोन पत्रं दोन खिडक्यांवर गेली तर प्रकरण वाढतं, आणि तेव्हा "मला ते नंतर सापडलं" हे खरं असूनही पटवून देणं अवघड जातं.

पत्र हातात आलं की मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फोटोवर पास मिळणार नाही, पण जावक क्रमांक तरी हाताशी राहील.

पास संपला की दर वेळी नवं पत्र लागतं का?

पद्धत दोन प्रकारची दिसते. काही ठिकाणी वर्षाच्या सुरुवातीला एकदा पत्र दिलं की वर्षभर जुना पास दाखवून नवा निघतो. काही ठिकाणी प्रत्येक पासला नवा फॉर्म. पहिल्या प्रकारात जुना पास हीच तुमची नोंद असते, म्हणून संपलेला पास फेकू नका. मधे खंड पडला, म्हणजे पास संपून बरेच दिवस गेले, तर पुन्हा पत्र मागतात. दुसऱ्या प्रकारात पास संपण्याच्या चार-पाच दिवस आधी कॉलेजात अर्ज द्या, कारण तुमच्यासारखेच सत्राच्या पहिल्या दिवशी पास काढलेले सगळे त्याच आठवड्यात येतात. महिन्याच्या ठरावीक तारखांना आमच्या खिडकीवर जी झुंबड उडायची, तिचं कारण एवढंच.

मी मधेच कॉलेज सोडलं. पास अजून दीड महिना चालू आहे. वापरू?

नको. पास कॉलेजच्या पत्रावर उभा होता आणि ते पत्र आता खरं राहिलेलं नाही. दाखला काढायला याल तेव्हा पासची प्रत सोबत आणा. काही कॉलेजं दाखल्याआधी पास जमा झाला का, तेही तपासतात. उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात का, ते पासच्या खिडकीवर विचारा. मिळत असतील तर पास जमा केल्याच्या दिवसापासून मोजतात, कॉलेज सोडल्याच्या दिवसापासून नाही, म्हणून तिकडे आधी जा.